आरोग्य-संवाद : रात्रीची दरी आणि जेवणानंतरचा डोंगर

मिरजेच्या एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. वय 49, दोन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी सकाळी आणि रात्री जेवणाआधी एक गोळी दिली, तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन औषधे एकत्र आहेत. नंतर दंडावर चौदा दिवसांचा सेन्सर लावला. मोबाईलवर रोज जी रेघ उमटते ती पाहून त्यांची झोप उडाली आहे. ते लिहितात, "जेवलो की डोंगर, झोपलो की दरी. मी खावे तरी काय?" पत्राच्या शेवटी त्यांच्या पत्नीने दोन ओळी जोडल्या आहेत : "हल्ली हे रात्री नुसते सॅलड खातात आणि पहाटे घामाने भिजून उठतात." भाई, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर भाभींच्या या दोन ओळींत आहे. पण आधी ती रेघ वाचायची कशी ते पाहू.

सेन्सर रक्त मोजत नाही. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली असते आणि पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजते. साखर आधी रक्तात येते, मग त्या पाण्यात उतरते. म्हणून मोबाईलवरचा आकडा रक्ताच्या साधारण पाच ते दहा मिनिटे मागे चालतो. साखर संथ असेल तेव्हा याने काही बिघडत नाही. ती वेगाने चढत किंवा उतरत असेल तेव्हा मात्र बोट टोचून आलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा यांत वीस-तीसचा फरक सहज पडतो. तुम्ही लिहिले आहे की दोन्ही आकडे जुळत नाहीत, म्हणजे यंत्र खराब असावे. तसे नाही. फक्त पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर फार विसंबू नका, कारण नव्या सेन्सरला स्थिर व्हायला वेळ लागतो.

आलेखावर 70 आणि 180 या दोन आडव्या रेघा असतात. दिवसाचा बहुतेक वेळ तुमची रेघ त्यांच्यामध्ये राहावी एवढीच अपेक्षा आहे. बहुतेक प्रौढांसाठी डॉक्टर मानतात ते माप असे : चोवीस तासांपैकी सत्तर टक्के, म्हणजे सुमारे सतरा तास या पट्ट्यात, आणि 70 च्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासभराच्या आत. घरातल्या वयस्क, अशक्त माणसांसाठी खालची मर्यादा याहून कडक धरतात, कारण त्यांना साखर उतरण्याचा धोका चढण्यापेक्षा जास्त. जेवणानंतर रेघ थोडी वर जाणारच. मधुमेह नसलेल्या माणसाचीही जाते. प्रत्येक चढ म्हणजे आपत्ती नव्हे, आणि तिथेच तुमची गफलत सुरू झाली.

आता दऱ्या पाहू. तुम्ही पाठवलेल्या चौदा दिवसांत रात्रीच्या पाच दऱ्या आहेत. पाचही एकसारख्या दिसल्या तरी त्या दोन जातींच्या आहेत.

दुसऱ्या रात्रीची पाहा. 2 वाजून 10 मिनिटांनी आकडा 112 होता. वीस मिनिटांत तो 56 वर कोसळला, अर्धा तास तिथेच राहिला आणि तसाच एकदम उडी मारून 108 वर आला. मध्ये काही खाल्ले नाही. शरीरातली साखर अशी विहिरीत दगड पडल्यासारखी पडून आपोआप दोरीने वर ओढल्यासारखी येत नाही. सहाव्या रात्रीही हेच झाले. त्या वेळी भाभींनी बोट टोचून पाहिले, तर ग्लुकोमीटरवर 104 आले. ही खोटी दरी आहे. सेन्सर तुमच्या उजव्या दंडावर आहे आणि तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथल्या पाण्याचा पुरवठा आटतो आणि सेन्सर कमी साखर दाखवतो. कूस बदलली की आकडा परत येतो. आपल्याकडे उजव्या कुशीवर झोपण्याची सुन्नत पाळणारे अनेक आहेत. त्यांनी सेन्सर लावून घेताना नर्सला सरळ सांगावे, डाव्या दंडावर लावा. एवढ्याने कितीतरी घरांतला मध्यरात्रीचा अलार्म बंद होईल.

उरलेल्या तीन दऱ्या मात्र खऱ्या आहेत. त्यांचा आकार वेगळा आहे. रात्री 11 वाजता 130, मग हळूहळू उतार, 1 वाजता 105, 3 वाजता 78 आणि 4 च्या सुमारास 62. रेघ उतारावरून चालत गेल्यासारखी खाली येते, तळाशी रेंगाळते आणि पहाटे हळूहळू वर चढते. तिन्ही रात्री वेळ जवळजवळ तीच. तिन्ही सकाळी डोके दुखले आणि बनियन ओले होते, असे तुम्हीच लिहिले आहे. घाम, भीतिदायक स्वप्ने, उठल्यावर डोकेदुखी, ही झोपेत साखर उतरल्याची ओळखीची चिन्हे.

या तीन रात्रींची तारीख आम्ही तुमच्या जेवणाच्या टिपणाशी ताडून पाहिली. तिन्ही रात्री तुम्ही भात-रोटी सोडून सॅलड आणि दोन कबाब एवढेच खाल्ले होते. गोळी मात्र रोजचीच घेतली. आदल्या रात्री 214 चा डोंगर पाहून घाबरलात, म्हणून पुढच्या रात्री उपास केल्यासारखे जेवलात. इथे औषधाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. त्या गोळीतले मेटफॉर्मिन एकटे असले तर सहसा साखर धोक्याच्या खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, तुम्ही जेवला असा वा नसा. त्याचा अंमलही बराच लांब चालतो. डॉक्टरांनी मात्रा ठरवली ती तुमचे नेहमीचे जेवण धरून. जेवण अर्धे केले आणि गोळी पूर्ण ठेवली तर पहाटे दरी पडणारच.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. हा आलेख आणि जेवणाचे टिपण घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. त्यांना चौदा दिवसांचा एकत्र अहवाल दाखवा. त्यात सगळे दिवस एकावर एक रचलेले असतात. मधली गडद रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस, आणि भोवतीचा फिकट पट्टा म्हणजे बरेवाईट दिवस. तुमची मधली रेघ रात्रभर 100 च्या वर दिसते, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटेल. पण 3 ते 5 या वेळात फिकट पट्ट्याची खालची कड 70 खाली गेली आहे. डॉक्टरांना बोट ठेवून तीच कड दाखवा.

तोवर अलार्म वाजला तर काय करायचे? शक्य असेल तर आधी बोट टोचा. 70 पेक्षा कमी असेल, किंवा घाम-थरथर असून मीटर हाताशी नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. मिठाई किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचून पाहा. या वेळी सेन्सरकडे पाहू नका. तो मागे चालतो, रक्तातली साखर सावरली तरी तो खालीच दाखवत राहतो, आणि माणूस घाबरून आणखी साखर, आणखी बिस्किटे खातो. मग सकाळी 250. भाभी, हे तुमच्यासाठी : शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि रमजानविषयी बरेच जण विचारतात म्हणून इथेच सांगतो, रोज्यात साखर 70 खाली गेली तर रोजा सोडावा असेच डॉक्टर सांगतात. तेव्हा थांबून पाहू नये.

आता डोंगर. रोटी-भाताच्या जेवणानंतर साखर साधारण तास-दीड तासात शिखर गाठते. तुमची 214 वाली रात्र तशीच. पण रविवारच्या दावतीचा आलेख जास्त शिकवणारा आहे. दीड वाजता बिर्याणी खाल्ली, दोन तासांनी बोट टोचले, 168 आले. तुम्ही खूष होऊन लिहिले, "बिर्याणी मला चालते." आलेख पुढे पाहा. पाच वाजता 236, आणि मगरिबपर्यंत 180 च्या वरच. तूप आणि मटणातली चरबी पोट हळू रिकामे होऊ देते, त्यामुळे भाताची साखर उशिरा पण लांबवर चढत राहते. दोन तासांच्या तपासणीत ती सापडत नाही. सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे, आणि त्याचा खर्च पाहता तो चौदा दिवस अशा प्रश्नांसाठी वापरावा. दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडून जीव टांगणीला लावण्यासाठी नव्हे.

भात बंद करायची गरज नाही. दोन रात्री तेच जेवण तेवढेच घ्या, म्हणजे दोन रोट्या, डाळ, एक वाटी भात, कोशिंबीर आणि सालन. पहिल्या रात्री नेहमीसारखे जेवा. दुसऱ्या रात्री आधी कोशिंबीर, मग सालनातले मटण आणि डाळ, आणि रोटी-भात सर्वांत शेवटी. नंतर पंधरा मिनिटे चाला, इशाची नमाज मशिदीत जाऊन पढत असाल तर जेवण आधी करा, म्हणजे चालणे आपोआप होईल. दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहा. बहुतेकांचे शिखर बुटके होते. किती, हे तुमचे शरीर सांगेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. जेवण, चालणे आणि गोळीची वेळ एकदम बदलली तर कशाने काय झाले ते कळायचे नाही.

हा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी त्यांचे दुसरे पत्र आले. डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीतून ग्लिमेपिराइड काढून नुसते मेटफॉर्मिन ठेवले आहे. सकाळची गोळी तीच आहे. नंतरच्या सहा रात्री रेघ 95 आणि 135 च्या मध्ये राहिली. रात्रीचे जेवण पूर्ण आहे, भात शेवटी, शिखर 176. फजरच्या सुमारास काही न खाता रेघ वीसेक अंकांनी वर का जाते, असे त्यांनी विचारले आहे. पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीत काही संप्रेरके सोडते आणि यकृत साखर बाहेर काढते, त्यामुळे तेवढा चढ अनेकांत दिसतो. नवा सेन्सर डाव्या दंडावर लावला आहे.