वृद्धाश्रमातील वाढदिवस

वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा करावयाचा असल्यास मिठाई सांगण्यापूर्वी व्यवस्थापकांशी बोलावे. रविवारी व सणावारी अनेक दाते एकाच वेळी येतात आणि शिजविलेले अन्न वाया जाते. म्हणून आठ दिवस आधी तारीख कळवून त्या दिवशी अन्य कोणाचे भोजन ठरले आहे काय, हे विचारावे.

समजा, आश्रमात 40 निवासी असून दुपारचे जेवण 12.30 वाजता असते. मधुमेही वृद्धांनी जेवणापूर्वी इन्सुलिन घेतले आणि पाहुण्यांसाठी पंगत लांबली, तर रक्तातील साखर धोकादायक प्रमाणात घसरू शकते. यास्तव यजमानांनी बारापूर्वीच पोहोचावे. पेढ्यांऐवजी मऊ खिचडी-कढी चालेल काय, हेही विचारून घ्यावे.

भेटीदाखल चादरी बहुतेकजण देतात. प्रौढांचे डायपर मात्र रोज लागतात. त्यांचे माप कंबरेच्या घेरावरून ठरते. कोणत्या मापाची किती पाकिटे हवीत, ते लिहून घेऊनच खरेदी करावी.