माणूस गेला, फाईल कोणाच्या नावावर?

कर्मचारी सोडून जातो तेव्हा आपण चावी घेतो, हिशोब मिटवतो, पण गुगल ड्राइव्हवरच्या फायलींचा ताबा घेत नाही. माझं स्पष्ट मत आहे, शेवटचा पगार देण्याआधी हे काम उरकलंच पाहिजे.

समजा, जळगावात तुमची डाळ मिल आहे. ऑफिसातल्या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून रेट लिस्टची शीट बनवली. तिची लिंक धुळे, शिरपूर, दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. आता तो नोकरी सोडतोय. बरेच मालक अशा वेळी म्हणतात, "कॉपी काढून घेऊ." इथेच घोटाळा होतो. कॉपी म्हणजे नवी फाईल, नवी लिंक. व्यापारी जुनीच लिंक उघडतात आणि जुना भाव बघून ऑर्डर देतात.

जमिनीचा फेरफार आठवा. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, गट नंबर तोच राहतो. फायलीचंही तसंच आहे. मालक बदला, लिंक तीच राहते.

तो मुलगा समोर असतानाच, कॉम्प्युटरवर हे करून घ्या. त्याने ड्राइव्हच्या सर्चमध्ये `owner:me` टाकायचं, म्हणजे त्याच्या नावावरच्या सगळ्या फायली दिसतील. त्यातल्या धंद्याच्या वेगळ्या काढायच्या. मग प्रत्येक फायलीत Share उघडून, काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला आधी Editor करायचं. त्यानंतर सहकाऱ्याच्या नावापुढच्या यादीतून Transfer ownership निवडायचं. सहकाऱ्याला विनंती जाते. त्याने ती स्वीकारेपर्यंत मालकी जुन्याच माणसाकडे असते, म्हणून दोघं बसलेले असतानाच स्वीकारून टाका. फोल्डर दिला म्हणजे आतल्या फायलीही गेल्या असं समजू नका. त्या वेगळ्या द्याव्या लागतात.

मालकी गेली तरी जुना माणूस Editor म्हणून उरतो, म्हणजे भाव बदलू शकतो. त्याचं नाव आठवणीने काढा. मग धुळ्याच्या एखाद्या व्यापाऱ्याला फोन करून जुनी लिंक उघडायला सांगा. आजचा भाव दिसला, की काम झालं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. साध्या जीमेलवरची फाईल कंपनीच्या गुगल वर्कस्पेस खात्याच्या नावावर थेट करता येत नाही. म्हणून वर्कस्पेस घेतलं असेल, तर पहिल्या दिवसापासून काम त्याच खात्यावर करून घ्या. तिथे अ‍ॅडमिन एका माणसाच्या सगळ्या फायली एकदम दुसऱ्याकडे वळवू शकतो. फक्त आधी फायली वळवा, मग खातं डिलीट करा. डिलीट केलेलं खातं परत आणायला 20 दिवसच मिळतात.

यात सोडून जाणाऱ्या मुलाला दोष देऊ नका. धंद्याची फाईल त्याच्या खासगी जीमेलवर बनू दिली, ती मालकाने. त्याच्या नावावरची फाईल त्याने उद्या जागा रिकामी करायला डिलीट केली, तर ती 30 दिवसांनी ट्रॅशमधूनही जाते. तेव्हा त्याला फोन करून काही उपयोग नाही.