प्रोबेशनवरच्या मुलीनं राजीनामा दिला, पगार अडवायचा का?

माझ्या बॅचमधले डोंबिवली पूर्वेचे एक दुकानदार राजीनाम्याचं पत्र घेऊन आले. इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे. बी.कॉम. झालेली मुलगी 'अकाउंट्स आणि जीएसटी बिलिंग' म्हणून 15,000 पगारावर घेतली, प्रोबेशन तीन महिन्यांचं. 1 डिसेंबरला ती रुजू झाली आणि 10 जानेवारीला हे पत्र आलं. शेठचं म्हणणं, "आजकालच्या पोरांना काम नको. जानेवारीचा पगार देतच नाही."

मी पत्र वाचलं. जेमतेम सहा ओळी. रुजू झाल्याची तारीख, ऑफर लेटरमधलं पद, आणि प्रत्यक्षात दिवसभर काउंटर, गोडाऊनमधला माल मोजणं, कल्याणला जाऊन चेक आणणं. टॅलीवर जेमतेम तासभर. दोनदा तोंडी सांगितलं होतं, हेही त्यात होतं. शेवटी नियुक्तीपत्राप्रमाणे सात दिवसांची नोटीस, शेवटचा दिवस 17 जानेवारी. एकही टोमणा नाही. नोकरी सोडणाऱ्यानं असंच लिहावं, कारण तारखा आणि कामं खोडून काढता येत नाहीत.

शेठनं दाखवली ती ऑफर लेटरमधली ओळ : 'व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे'. अहो, ही ओळ दिवाळीच्या गर्दीत चार दिवस काउंटर सांभाळायला ठीक आहे. आठातले सात तास 'इतर कामे' असतील, तर तेच मुख्य काम झालं ना? मला इथं मुलगी बरोबर वाटते.

आता पगार. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनामा दिलेल्या माणसाचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि प्रोबेशन आहे म्हणून यातून सुटका नाही. हिशोब सोपा आहे. महिना 30 दिवसांचा धरला तर रोजचे 500, 17 दिवसांचे 8,500. नोटीस तिनं पूर्ण केली, मग कापायचं कशाचं? 'ट्रेनिंगचा खर्च' म्हणून मनाला येईल तो आकडा वजा करता येत नाही. पत्राच्या प्रतीवर 'मिळाले' लिहून तारीख-सही द्या, पैसे बँकेतून पाठवा म्हणजे पुरावा राहील, आणि अनुभवाचं पत्र द्या.

शेठचा खरा तोटा 8,500 चा नाहीच. दीड महिना गेला आणि जीएसटीची बिलं तशीच पडलीयत.

मग आम्ही बसून त्या दुकानातल्या कामाचे तास मोजले. अकाउंट्सचं काम रोज दीड तासाचं निघालं. तेवढ्यासाठी पूर्णवेळ माणूस लागतच नाही. आठवड्यातून दोनदा येणारा अकाउंटंट पुरतो. नवीन जाहिरात अशी लिहिली : 'काउंटर व स्टॉक सहाय्यक. कल्याणपर्यंत वसुलीला जावे लागेल. बिलिंग शिकवले जाईल.'