‘तू’ गाळा, ओळ दाखवा

मालवणात घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी कोड लिहिणाऱ्या आणि दुसऱ्यांचा कोड तपासणाऱ्या माझ्यासारख्यांना हे सांगायचं आहे. एकाने लिहिलेला कोड मुख्य प्रणालीत जाण्याआधी दुसरा तो वाचतो आणि ओळीशेजारी आपलं मत लिहितो, त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. हे मत आपण फार वाईट लिहितो. मीही तसंच लिहीत होतो.

आपल्याकडे ‘मेल्या, ह्यां काय केलंस रे?’ यात राग कमी आणि माया जास्त असते. ती माया आवाजात असते, खांद्यावर पडलेल्या हातात असते. पडद्यावर मात्र नुसते शब्द पोचतात, आणि वाचणारा बहुधा नागपूरचा नाहीतर सोलापूरचा असतो, त्याला आपला सूर माहीत नसतो. तोंडावर बोलायची आपली सवय मला प्रिय आहे, पण ती जशीच्या तशी कागदावर उतरत नाही.

एक प्रसंग सांगतो. होडीच्या सफरींच्या बुकिंगचं काम होतं. नागपूरच्या एका नवीन सहकाऱ्याने हे लिहिलं होतं:

```python
if seats_left(trip_id) > 0:
    save_booking(trip_id, name)
```

मी शेजारी लिहिलं : ‘साधं लॉकिंगसुद्धा केलं नाहीस. असं चालत नाही. परत लिही.’

माझा आक्षेप बरोबर होता. तरी त्या वाक्यांतून त्याला करण्यासारखं काहीच मिळालं नाही. दोन दिवस त्याचं उत्तर आलं नाही. मग त्याने सगळं फंक्शनच नव्याने लिहिलं, नावं बदलली, आणि चूक होती तिथेच राहिली. ही खूण ध्यानात ठेवा : तुमच्या शेऱ्यानंतर भलत्याच ठिकाणी दुरुस्ती झाली, किंवा नुसतं ‘झालं’ असं उत्तर आलं आणि अडचण तशीच राहिली, तर समोरच्याच्या समजेवर शंका घेण्याआधी आपला शेरा पुन्हा वाचा.

मी माझा शेरा नव्याने लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा ‘तू’ काढला. मराठीत हे मुद्दाम करावं लागतं, कारण आपलं क्रियापदच माणसाकडे बोट दाखवतं. ‘तपासलं नाहीस’ यात ‘तू’ हा शब्द नसला तरी तो त्या ‘स’मध्ये बसलेला आहे. ‘ही ओळ तपासत नाही’ म्हटलं की कर्ता बदलतो, आणि आता दोघं मिळून त्या ओळीकडे बघू शकतात. मग बारीक शब्द वेचले. ‘साधं’, ‘सुद्धा’, ‘एवढंही’, ‘नुसतं’, ‘तर’ : माहिती शून्य, डंख सगळा यांचाच. माझ्या वाक्यातून ‘साधं’ आणि ‘सुद्धा’ काढल्यावर उरलं फक्त ‘लॉकिंग नाही’. म्हणजे मुळात मी किती थोडं सांगितलं होतं, ते तेव्हा दिसलं.

दुसरं काम म्हणजे चूक कधी घडेल, ते घटनेसारखं सांगणं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीची कल्पना करा. एकच जागा उरली आहे आणि जेटीवर दोन माणसं तिकिटं फाडताहेत. दोघंही मान वर करून होडीकडे बघतात, दोघांनाही एक जागा रिकामी दिसते, दोघंही तिकीट फाडतात. वरच्या कोडमध्ये हेच होतं. जागा बघणं आणि बुकिंग लिहिणं यांच्यात क्षणभराची फट आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या फटीत दुसरा प्रवासी शिरतोच. एकट्याने चाचणी करून पाहिली तर ही चूक कधीच दिसत नाही. म्हणूनच ती लिहिणाऱ्याला दिसली नव्हती, आणि त्यात त्याचा आळस नव्हता.

तिसरं, पुरेसा उपाय दाखवणं. सगळा कोड आपणच लिहून द्यायचा नाही, दिशा कळेल इतकाच द्यायचा. नवा शेरा असा झाला :

‘हे लाइव्ह जाण्याआधी बदलायला हवं. शेवटची एक जागा असताना दोघांनी एकाच वेळी बुकिंग केलं, तर दोघांनाही `seats_left` 1 दिसतो आणि एका जागेची दोन बुकिंगं होतात. जागा तपासणं आणि कमी करणं एकाच `UPDATE` मध्ये केलं तर हे टळेल :

```sql
UPDATE trips SET seats_left = seats_left - 1
WHERE id = 42 AND seats_left > 0;
```

एक ओळ बदलली तरच बुकिंग लिहायचं, शून्य बदलल्या तर “सफर भरली” दाखवायचं. दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवू, म्हणजे बुकिंग लिहिताना बिघाड झाला तर जागा परत येईल. तपासायला, एक जागा ठेवून दोन विनंत्या एकदम पाठव. बुकिंग एकच झालं पाहिजे.’

शेरा लांबला, लिहायला दहा मिनिटं गेली. पण आधीच्या तीन वाक्यांनी दोन दिवस खाल्ले होते.

सुरुवातीचं वाक्य पाहा : ‘लाइव्ह जाण्याआधी बदलायला हवं.’ आदराने लिहायचं म्हणजे गुळमुळीत लिहायचं, असा गैरसमज करून घेऊ नका. ‘जमलं तर एकदा बघशील का?’ असं लिहिलं तर नवीन माणूस ते ऐच्छिक समजतो आणि सुट्टीच्या दिवशी होडीवर एक प्रवासी जास्त येतो. अडवणारा शेरा कुठला आणि आवडीनिवडीचा कुठला, हे प्रत्येक वेळी शब्दांत सांगा. गूगलच्या प्रसिद्ध झालेल्या रिव्ह्यू मार्गदर्शिकेत किरकोळ सूचनेपुढे `Nit:` लिहायची पद्धत आहे. तुम्ही ‘किरकोळ :’ लिहिलंत तरी चालेल. आणि मोकळ्या जागा, स्वल्पविराम असल्या गोष्टींवर माणसाने शेरे लिहूच नयेत, ते काम फॉर्मॅटरला द्या. वीस शेऱ्यांत गंभीर एकच असेल तर तो बुडतो.

प्रश्न विचारतानाही जपा. ‘हे असं का केलंस?’ हा मराठीत प्रश्न उरत नाही, उलटतपासणी होते. ‘इथे तीच क्वेरी दोनदा चालते, त्यामागे काही कारण आहे का?’ असं विचारलं तर कारण असल्यास कळतं, नसल्यास तो स्वतःच काढून टाकतो.

बोचरं लिहिल्यावाचून दर्जा टिकत नाही, असं मानणारे अनेक आहेत. पण कडक शब्दांसाठी जगभर ओळखल्या गेलेल्या लिनस टोरवाल्ड्सने, म्हणजे लिनक्सच्या कर्त्याने, 16 सप्टेंबर 2018 रोजी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाला. चुकीचा कोड नाकारण्याचा अधिकार त्याने सोडला नाही. तुम्हीही सोडू नका.

एकाच ओळीवर तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली, तर लिहू नका. फोन करा, बोला, आणि जे ठरलं ते दोन ओळींत तिथे नोंदवा. पुढे तो कोड उघडणाऱ्याला कारण सापडलं पाहिजे.

नागपूरच्या सहकाऱ्याने माझा दुसरा शेरा वाचला आणि तासाभरात दुरुस्ती केली, दोन विनंत्यांच्या चाचणीसकट. खाली त्याने लिहिलं होतं : ‘दादा, बुकिंग रद्द करायचं बटण दोनदा दाबलं तर जागाही दोनदा परत येते. तेही याच पुल रिक्वेस्टमध्ये नीट करू का?’ ते मला दिसलं नव्हतं.