विद्यापीठाचं नाव की शहराचा खर्च?



आमच्या महाळुंग्यात इंजिनिअर मुलांच्या घरी हल्ली जर्मनीचा विषय हमखास निघतो. चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज आहेत, त्यामुळे जर्मन गाड्यांची नावं मुलांच्या तोंडात लहानपणापासूनच असतात. यंदा माझ्या पुतण्याला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आणि पूर्वेकडच्या केम्निट्झच्या. घरातल्या सगळ्यांचं मत म्युनिक. माझं मत केम्निट्झ. का, ते लिहिते. बी.कॉम.ची सवय, आधी वही उघडते.

जर्मनीचा व्हिसा मिळवायला वर्षाच्या खर्चाचे पैसे एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992 युरो हातात येतात. ही रक्कम साऱ्या देशाला एकच आहे. शहर महाग असो वा स्वस्त, व्हिसाच्या कागदावर फरक पडत नाही; फरक पडतो तो मुलाच्या ताटात.

म्युनिकला विद्यार्थ्याच्या एका खोलीचं भाडं साधारण 750 युरो धरा. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा 145 च्या आसपास. उरले 97 युरो. त्यात जेवण, फोन, कपडे. केम्निट्झला खोली 300 च्या आसपास मिळते, विमा तोच. उरतात साधारण साडेपाचशे. दोन वर्षांत नुसत्या भाड्याचाच फरक 10,800 युरो झाला.

त्यात फी. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत, सत्राला काहीशे युरो भरले की झालं. पण म्युनिकच्या या विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्सला सत्राला 4,000 किंवा 6,000 युरो, जसा अभ्यासक्रम तसं. चार सत्रांचे 16 ते 24 हजार. युरो शंभर रुपये धरला तर दोन्ही मिळून फरक 27 ते 35 लाखांचा.

पुतण्या म्हणाला, “काकू, पण म्युनिकला बीएमडब्ल्यू आहे, सीमेन्स आहे. पार्टटाइम काम करून पैसे निघतील.”

मुद्दा खरा आहे. मोठ्या शहरात कामं जास्त असतात. पण तिथे दोन मोठी विद्यापीठं आहेत, आणि प्रत्येकात 50 हजारांच्या घरात विद्यार्थी. खोलीसाठी आणि कामासाठी तीच गर्दी. वसतिगृहाच्या यादीत कित्येक सत्रं थांबावं लागतं. आणि घराचा पत्ता नोंदवल्याशिवाय राहण्याचा परवाना पुढे सरकत नाही. आपल्याकडे कंपनीच्या गेटजवळच्या चाळीत खोलीचं भाडं का चढतं, ते आपण पाहतोच. गावाच्या नावामुळे नाही, मागणाऱ्यांच्या संख्येमुळे.

उलट फार छोटं शहरही अडचणीचं. केम्निट्झच्या विद्यापीठात परदेशी मुलं बरीच आहेत, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात वाटेकरी मिळू शकतो. कामं मात्र कमी. फोक्सवॅगनचा इंजिन कारखाना तिथेच आहे, इलेक्ट्रिक गाड्यांचा मोठा कारखाना जवळच्या त्स्विकाऊत. पण जर्मन भाषा चांगली आल्याशिवाय तिथे दार उघडणं कठीण.

म्हणून त्याला सांगितलं, जाण्याआधी नोकरीच्या संकेतस्थळावर Werkstudent हा शब्द आणि शहराचं नाव टाइप कर. शिकताना करायच्या नोकरीला तिथे हेच म्हणतात. महिनाभर दर रविवारी बघ, तुझ्या विषयाच्या किती जाहिराती आहेत आणि त्यातल्या किती इंग्रजीवर भागवून घेतात ते वहीत लिही. ही संख्या दोन-चारच राहिली तर इथूनच जर्मन बी-1 पुरी करून जा.

माझ्या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, आणि तो एका शहराला बांधलेला नसतो. शेवटच्या सत्राचा प्रबंधही बरीच मुलं स्टुटगार्ट किंवा म्युनिकच्या कंपनीत जाऊन करतात. मग शिकायचं स्वस्त शहरात आणि कंपनीच्या गावी जायचं शेवटच्या सहा महिन्यांत, हे का नको?

ज्याला संशोधनच करायचं आहे आणि एखाद्या ठरावीक प्राध्यापकाकडेच जायचं आहे, त्याला माझा हिशेब लागू नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्यालाही नाही. पण कर्ज काढून, दोन वर्षांनी नोकरी धरायला निघालेल्या मुलाने विद्यापीठाचा क्रमांक विचारण्याआधी खोलीचं भाडं विचारावं. जावेला मी एवढंच म्हटलं, “अगं, हप्ता बँकेला भरायचा आहे, विद्यापीठाच्या नावाला नाही.”