मृद्गंध म्हणजे नुसतं जिओस्मिन नव्हे

दुबईत देराच्या अत्तर बाजारात ‘मिट्टी’ मागितली की छोटीशी कुपी पुढे येते. आपल्यातलं कुणीतरी लगेच सांगतं, “यात जिओस्मिन असतं, दुसरं काही नाही.” हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त रंजक आहे असं मला वाटतं.

जिओस्मिन मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू बनवतात. बिटाला जो मातकट वास येतो तोही त्याचाच. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट असतं: लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. पाऊस सच्छिद्र जमिनीवर पडला की थेंबाखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वासाचे सूक्ष्म तुषार उडवतात. एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. तुषार हलक्या-मध्यम सरींत जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिमी कोसळला तसल्या पावसापेक्षा जानेवारीतली भुरभुर वासासाठी बरी. डांबर आणि काचेवर मात्र ती वाया जाते.

आता अत्तराकडे. कनौजचे कारागीर मातीच्या भाजलेल्या चकत्या तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर घालतात, झाकण ओल्या मातीने लिंपतात आणि खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. हे भांडं पाण्याच्या हौदात ठेवून थंड राखलेलं असतं आणि त्यात चंदनाचं तेल असतं. वास तेलात मुरतो, पाणी तळाशी राहतं, ते काढून टाकतात.

पण माती भट्टीत भाजली तर जीवाणू मरतात आणि जिओस्मिनही उडून जातं. मग वास येतो कुठून?

इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘पेट्रिकोर’ हा शब्द दिला, तेव्हा कनौजच्या या धंद्याचाही उल्लेख केला होता. त्यांना दिसलं की तापवून वास घालवलेला दगड कोरड्या, गरम हवेत ठेवला की पुन्हा वास धरतो. झाडापेल्यातून हवेत आलेली द्रव्यं कोरडी माती शोषून घेते आणि पाणी लागलं की सोडते. कनौजमध्येही चकत्या उन्हाळ्यात हवेत ठेवतात, त्या याचसाठी. म्हणजे त्या कुपीत बराचसा वास मातीने हवेतून गोळा केलेला असतो.

म्हणून नुसतं कृत्रिम जिओस्मिन पातळ करून ‘मिट्टी’ म्हणून विकणं मला पटत नाही. चंदन महागल्यामुळे आता पुष्कळदा पॅराफिनसारखं स्वस्त तेल वापरतात, हेही ध्यानात ठेवा. घेताना कागदाच्या पट्टीवर थेंब लावून तासाभराने हुंगा. फक्त जिओस्मिन असेल तर शेवटपर्यंत ओलसर तळघर आणि बीट, एवढंच. चंदनावर धरलेलं असेल तर माती हळूहळू मागे सरते आणि मऊ, दुधाळ चंदन पुढे येतं.