‘तसेच’ काढा, ‘पण’ घाला

या आठवड्यात पुतणीचा शाहू महाराजांवरचा निबंध तपासायला आला. कोल्हापुरात हा निबंध प्रत्येक घरात एकदा तरी लिहिला जातोच! एका परिच्छेदात चार वाक्यं होती : १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, तसेच १९०२ मध्ये पन्नास टक्के नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखल्या, तसेच राधानगरी धरण बांधायला घेतलं, तसेच १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सगळं खरं, तरी वाचताना धक्के बसत होते. माझं ठाम मत आहे की ‘तसेच’ हा शब्द वाक्यं जोडत नाही, नुसती शेजारी बसवतो. मी तिला विचारलं, “बाळ, हा परिच्छेद कशाबद्दल आहे?” ती थोडा विचार करून म्हणाली, “शिकल्याशिवाय नोकरी मिळत नाही, याबद्दल.” हेच वाक्य सुरुवातीला लिहायला सांगितलं, आणि धरण आपोआप उपरं ठरलं. ते खोडलं नाही, शेतीच्या परिच्छेदात हलवलं. मग १९०२ चा हुकूम आधी घेतला. पुढे ‘पण त्या जागा घ्यायला शिकलेली मुलं हवीत, आणि खेड्यातल्या मुलाला शहरात राहायची सोय हवी, ती वसतिगृहाने आदल्याच वर्षी सुरू केली होती’ असं आलं. १९१७ च्या आधी ‘वसतिगृहापर्यंत पोचायचं तर आधी गावात शाळा हवी’ एवढंच घातलं. तिन्ही ‘तसेच’ गळून पडले.